‘फक्त ₹९९’ लिहिलं आणि एकच तक्रार तीनदा आली

‘इलेक्ट्रिशियन २४ तास! संपूर्ण मुंबई! ३० मिनिटांत हजर! व्हिजिट फक्त ₹९९!’

गेल्या वर्षीपर्यंत माझं कॅप्शन हे होतं. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर हेच, इन्स्टाग्रामवर हेच, दादरजवळच्या नायगावच्या आमच्या गाळ्याबाहेरच्या बोर्डावरही हेच. फोन भरपूर यायचे. पण महिन्यातून पाच-सहा वेळा तरी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभं राहून तेच ऐकावं लागायचं. ‘तुम्ही तर नव्व्याण्णव म्हणाला होतात.’ नाहीतर ‘अर्धा तास म्हणालात, सव्वा तास झाला.’ आणि तिसरं, जे खाली मान घालायला लावतं: ‘चार दिवसांपूर्वी दुरुस्त करून गेलात ना? परत तेच झालंय.’

पहिली दोन भांडणं कॅप्शनमुळे होतात हे सांगायला नको. तिसरंही कॅप्शनमुळेच होतं, हे मला परळला एका काकूंकडे तीन फेऱ्या मारल्यावर कळलं. वायरमन, प्लंबर, जे कुणी असं इमर्जन्सीचं काम करतात त्यांच्यासाठी ती गोष्ट आधी सांगतो. कॅप्शन त्यातूनच बदललं.

जुलैचा महिना, दोन दिवस झोडपून पाऊस. काकूंचा फोन आला की मेन स्विच सारखा पडतोय. जुनी इमारत, तिसरा मजला, पश्चिमेकडे खिडक्या. मी गेलो, डीबी म्हणजे घरातल्या सगळ्या स्विचांचा मुख्य बॉक्स उघडला. मेन स्विच म्हणजे आरसीसीबी, ज्याला बहुतेक घरांत अजून ईएलसीबीच म्हणतात. बारा-तेरा वर्षांचा जुना, प्लास्टिक पिवळं पडलेलं. वर केला की दोन मिनिटांत टक्‌ करून खाली. मी म्हटलं, काकू, हाच गेलाय. नवीन बसवला. ₹२,२०० वस्तूचे, ₹३०० बसवायचे, ₹९९ व्हिजिटचे, एकूण ₹२,५९९. स्विच टिकला. पाऊसही त्या संध्याकाळी थांबला होता, पण त्याचा नि स्विचचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

चार दिवसांनी परत फोन. या वेळी गीझर लावला की पडतो. गीझरची कॉइल पावसाळ्यात लीक होते, हे शंभर वेळा पाहिलेलं. गीझर काढून ठेवला, पुन्हा ₹९९ घेतले आणि निघालो. दोन दिवस बरं चाललं. मग रात्री ११.२० वाजता फोन: ‘अहो दादा, आता फ्रिज लावला की पडतोय. फ्रिज पण काढून ठेवू का?’ त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एकेका लाइनचे छोटे स्विच, म्हणजे एमसीबी, सगळे खाली केले आणि आरसीसीबी वर केला. टिकला. फ्रिजच्या लाइनचा एमसीबी वर केला, फ्रिज सुरू झाला आणि आरसीसीबी पडला. फ्रिजची पिन काढून त्याच जागी काकूंची इस्त्री लावली. तरी पडला. म्हणजे फ्रिज निर्दोष. हॉलची लाइन घेतली, नुसता एक पंखा लावला. टिकला. टीव्ही, दुसरा पंखा, दिवे असं वाढवत गेलो आणि पुन्हा पडला. आता ज्याला या कामाची सवय आहे त्याला इथे वास यायला हवा. कुठलंही उपकरण लावा, लोड थोडा वाढला की स्विच पडतो, याचा अर्थ दोष उपकरणात नाही. कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटलाय.

हे जरा सावकाश सांगतो, कारण यातच सगळी मेख आहे. आरसीसीबीला एवढंच कळतं की फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तो पडतो. घरात कुठेही न्यूट्रलची वायर ओल्या भिंतीला किंवा अर्थला लागली, की परत येणाऱ्या करंटचा एक हिस्सा आरसीसीबीतून न येता त्या वाटेने जमिनीत जातो. लोड जितका मोठा तितका तो हिस्सा मोठा. म्हणून काकूंना कधी गीझर गुन्हेगार वाटला, कधी फ्रिज. आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत एमसीबी एकाच पोलचा असतो. तो खाली केला की फक्त फेज तुटते, न्यूट्रल तसाच लिंकवर, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायरी एकत्र येतात त्या पट्टीवर, जोडलेला राहतो. म्हणजे बंद केलेली लाइनसुद्धा दोष देत राहू शकते.

काकूंच्या घरी तेच निघालं. मेन पूर्ण बंद केला, सगळ्या पिना काढल्या, न्यूट्रल लिंकवरून एकेक वायर सोडवली आणि प्रत्येकीला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं ५०० व्होल्टचं यंत्र, लावून अर्थशी तपासलं. तीन वायरी २० मेगओहमच्या वर. चौथीचं रीडिंग जवळजवळ शून्य. चांगल्या वायरिंगला निदान १ मेगओहम तरी हवाच. ही चौथी वायर बेडरूमच्या विंडो एसीची. काकूंनी त्याचा एमसीबी जूनपासून खाली करून ठेवला होता, पावसाळ्यात एसी कशाला म्हणून. तीन फेऱ्यांत त्या लाइनकडे मी पाहिलंही नव्हतं, कारण ती ‘बंद’ होती. खिडकीखालचा बॉक्स उघडला तर आत पाण्याचा ओघळ, टेप गुंडाळलेला जोड लिबलिबीत झालेला आणि तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा थर. ती फेज आणि तो न्यूट्रल दोन्ही डीबीतून सोडवून टोकं नीट बंद केली. बाकी घर चालू झालं. घड्याळात १.०५.

आता माझी चूक कुठली? आरसीसीबी खराब आहे की नाही हे कळायला दोन मिनिटं पुरतात. मेन बंद करून त्याच्या खालच्या, घराकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवायच्या, मग सप्लाय देऊन तो वर करायचा. टिकला आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडला तर तो धडधाकट आहे, दोष पुढे घरात आहे. हे मला येत नव्हतं असं नाही. पण ₹९९च्या व्हिजिटमध्ये माणूस शोधायला जात नाही, विकायला जातो. हे वाचायला कडू आहे, पण हिशेब करून बघा. नायगावहून परळला स्कूटरने जाऊन येऊन पेट्रोल फार तर वीस रुपयांचं. खरा खर्च दीड तासाचा: जाणं, जिना, डीबी उघडणं, परत येणं. दिवसाला असे सहा फोन झाले तर व्हिजिटचे ₹५९४. त्यात एक मदतनीस पोसायचा, गाळ्याचं भाडं द्यायचं. मग हात आपोआप अशा निदानाकडे जातो ज्यात काहीतरी वस्तू बसवता येते. शोधायचे पैसे कुणी देत नाही, बसवायचे देतात. म्हणून वस्तू बदलली जाते आणि दोष भिंतीत तसाच राहतो. पुढच्या पावसात तक्रार परत.

काकूंच्या तिसऱ्या फेरीचे मी काही घेतले नाहीत. दुसऱ्या फेरीचे ₹९९ आणि आरसीसीबी बसवायचे ₹३०० परत केले, वस्तू मात्र परत घेता येईना. पण त्या रात्री घरी येऊन वहीत लिहिलं की पहिल्याच दिवशी नीट काम केलं असतं तर किती झालं असतं. रात्रीची व्हिजिट ₹६००, त्यात पहिला अर्धा तास. पुढे ४५ मिनिटं शोधण्यात गेली, म्हणजे अर्ध्या तासाचे दोन टप्पे, प्रत्येकी ₹२५०, मिळून ₹५००. दुसऱ्या दिवशी उजेडात खिडकीच्या बॉक्सपर्यंतची वायर बदलणं आणि बॉक्स वर घेणं याची मजुरी ₹९००, वायर आणि बॉक्सचे ₹५४०. एकूण ₹२,५४०. चुकीच्या निदानाचे मी ₹२,५९९ घेतले होते! म्हणजे ‘फक्त ₹९९’ने काकूंचा एक रुपया वाचला नाही, उलट आठवडाभर फ्रिजमधलं दूध नासत राहिलं.

तेव्हापासून दर असा लिहितो की त्यात शोधण्याचे पैसे वेगळे आणि उघड दिसतात. सकाळी ७ ते रात्री १० व्हिजिट ₹३५०, रात्री १० ते सकाळी ७ ₹६००, दोन्हींत पहिला अर्धा तास तपासणी धरलेली. पुढे दर अर्ध्या तासाला ₹२५०. सामान दुकानाच्या बिलाप्रमाणे, बिल हातात. हे माझे दर. तुमचे तुमच्या भाड्यावर आणि मदतनिसावर ठरतील. पण तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या तर आकडा कितीही प्रामाणिक असला तरी दारात वाद होणारच. व्हिजिटमध्ये काय येतं, घड्याळ कधीपासून धरायचं, आणि काम न करायचं ठरलं तर काय. मी लिहितो की तपासून झाल्यावर दोष आणि अंदाजे खर्च तोंडी नाही तर मेसेजवर देतो. पुढे काम नको असेल तर फक्त तेवढ्या वेळेचे पैसे.

‘₹३५०पासून पुढे’ असं मात्र लिहू नका. ‘पासून पुढे’ हे शब्द ग्राहकाला दिसत नाहीत. ते आपण आपल्या समाधानासाठी लिहितो. त्यापेक्षा एक घडलेलं बिल लिहा. मी कॅप्शनमध्ये काकूंच्याच कामाचं, नाव-पत्ता न घालता, ‘मेन स्विच सारखा पडणे, रात्रीचं काम: साधारण ₹६०० ते ₹१,१००, भिंतीतली वायर असेल तर दुसऱ्या दिवसाची मजुरी वेगळी’ असं लिहिलंय. त्यावर एकानेही अजून भांडण काढलेलं नाही.

यातूनच दुसरी एक गोष्ट सुटली. रात्रीचं काम म्हणजे काय, हे कुणी लिहीतच नाही. ग्राहकाला वाटतं रात्री दोन वाजता सगळं पूर्ववत होईल. आपण रात्री दोन वाजता भिंत फोडणार नसतो, खालचे लोक झोपलेले असतात आणि वायरीचं दुकानही बंद असतं. म्हणून मी सरळ लिहितो: रात्री दोषी लाइन वेगळी करून बाकी घर सुरक्षित चालू करून देतो, पक्कं काम दिवसा, दिवसाच्या दराने. आणि त्याच्या शेजारी अजून एक वाक्य, जे मला सगळ्यात महाग पडतं: आरसीसीबी बायपास करून मिळणार नाही. महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात, ‘आजच्या रात्रीपुरती डायरेक्ट करून द्या ना.’ दुसरा कुणीतरी ₹२०० घेऊन देतो, हे मला माहीत आहे. ओल्या भिंतीच्या घरात तो स्विच काढून टाकला की दोष कळायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कुणालातरी शॉक बसणं. त्यामुळे ते गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

आता वेळेचं. ‘३० मिनिटांत हजर’ हे वाक्य कुठल्या मिनिटापासून मोजायचं? ग्राहक पहिला फोन केल्यापासून मोजतो, आपण स्कूटरला किक मारल्यापासून. मधल्या वेळात आपण सायनला कुणाच्या तरी स्टुलावर उभे असतो. मी महिनाभर वहीत तीन वेळा टिपून ठेवल्या: फोन आला कधी, निघालो कधी, डीबीसमोर पोचलो कधी. रस्त्यात फार वेळ जात नव्हता. जात होता तो हातातलं काम उरकण्यात आणि पोचल्यावर. गेटवर नोंद, पाहुण्यांच्या पार्किंगवरून वॉचमनशी हुज्जत. आणि वीज नसलेल्या टॉवरमध्ये लिफ्ट कशी चालणार? चौदावा मजला पाठीवर मेगर आणि हत्यारांची पिशवी घेऊन चढून बघा एकदा. त्या दिवशी मी इमारतीच्या गेटवर २६व्या मिनिटाला होतो आणि दारात ४३व्या.

म्हणून आता कॅप्शनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या लिहितो. एक, फोन किंवा मेसेजला १० मिनिटांत उत्तर. हे माझ्या हातात आहे, हे पाळतोच. दुसरं, येतो म्हटल्यापासून इमारतीच्या गेटपर्यंत किती. तिथे सरासरी लिहायची नाही. सरासरी लिहिली तर निम्म्या लोकांशी खोटं बोलल्यासारखं होतं. वहीतल्या दहापैकी नऊ फेऱ्या ज्या आकड्यात बसल्या, तो लिहायचा. माझ्याकडे जवळच्या भागासाठी तो ४० मिनिटं निघाला, ३० नव्हे. संध्याकाळी ६ ते ९ला त्यात २० मिनिटं वाढवली. फोन थोडे कमी झाले, हे कबूल करतो. जे येतात ते मात्र थांबतात. मी अर्ध्या वाटेत असताना ‘दुसरा बोलावला’ असं सांगणारे जवळजवळ बंद झाले.

भाग लिहिताना बहुतेकांची चूक एकच. नकाशावर वर्तुळ काढतात. मुंबईत वर्तुळ चालत नाही, मुंबई रुळांनी उभी चिरलेली आहे. नायगावहून प्रभादेवी नकाशावर हाकेच्या अंतरावर. पण मध्ये दोन रेल्वे. सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून पलीकडे जायचं तर वर टिळक पूल नाहीतर खाली करी रोडचा पूल, आणि दोन्हींवर सगळ्यांची गर्दी. सायनचा पूल ऑगस्ट २०२४मध्येच बंद झालेला. त्यामुळे मला वडाळा लांब असून जवळ आहे आणि प्रभादेवी जवळ असून लांब. भाग लिहायचे ते रुळांच्या आपल्या बाजूचे आधी, पलीकडचे वेगळ्या वेळेने, आणि उरलेल्यांना सरळ नाही. पूल उघडले-बंद झाले की ती ओळ बदलायची. ‘संपूर्ण मुंबई’ लिहिल्यावर मला एकदा दहिसरहून फोन आला होता. मी गेलोही होतो, हे आठवलं की अजून स्वतःचंच हसू येतं.

भागाबरोबर अजून एक गोष्ट बदलते, वीज कुणाची. कुलाब्यापासून सायन-माहीमपर्यंत मुख्यतः बेस्टची वीज, उपनगरात अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, आणि काही घरांत टाटा. त्यामुळे फोनवर मी आधी विचारतो: जिन्यातला दिवा चालू आहे का? शेजारी वीज आहे का? नसेल तर दोष घरातला नाही, मी येऊन काही होणार नाही. बिलावर जो तक्रारीचा नंबर छापलेला असतो तिथे फोन करायला सांगतो. मीटर आणि मीटरपूर्वीचा कटआउट कंपनीचा असतो, त्याचं सील तोडायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. एवढ्या एका प्रश्नाने दर महिन्याच्या किती फुकट फेऱ्या वाचतात ते स्वतः विचारून बघा. दुसरा प्रश्न, कुठला स्विच पडलाय, त्याच्यावर छोटं टेस्टचं बटण आहे का? असेल तर आरसीसीबी, म्हणजे मेगर सोबत घ्यायचा आणि वेळ जास्त धरायचा. नसेल तर एमसीबी, म्हणजे बहुधा लोड किंवा शॉर्ट. तिसरा, जळका वास किंवा बोर्डावर पाणी आहे का? आहे म्हटलं तर कशालाही हात लावू नका, कोरड्या जागी उभं राहून मेन बंद करता येत असेल तर करा, नाहीतर लांब थांबा. अशा फोनला मी हातातलं काम सोडून निघतो, आणि हे कॅप्शनमध्येही लिहिलंय, म्हणजे ज्याचा नुसता पंखा बंद आहे तो रांगेत मागे गेल्याचा राग धरत नाही.

माझा मावसभाऊ प्लंबर आहे, घाटकोपरला. त्याने माझंच कॅप्शन उचललं आणि अर्धा तास तपासणी धरून फसला. प्लंबरची अडचण वेगळी. ज्या इमारतीत पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, तिथे रात्री गळती थांबवता येते, पण जोड टिकला की नाही हे पहाटे पाणी आल्यावरच कळतं. त्या दुसऱ्या फेरीचे पैसे मागितले की भांडण. आता तो लिहितो: ‘रात्री गळती बंद करतो, पाणी आल्यावर एकदा येऊन बघतो, ती फेरी धरलेली आहे.’ व्हिजिट त्याने ₹१०० वाढवली आणि ती फेरी त्यात घातली. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा तर चावी सोसायटीकडे असते, हेही तो फोनवरच विचारून घेतो. रात्री एक वाजता सेक्रेटरींना उठवायचं काम ग्राहकाने करायचं, प्लंबरने नाही.

सध्या माझं कॅप्शन असं आहे. हवं तर उचला, आकडे मात्र स्वतःच्या वहीतले घाला.

‘वायरमन, दादर पूर्व ते सायन. गेटवर ४० मिनिटांत. व्हिजिट दिवसा ₹३५०, रात्री ₹६००.

मेन स्विच सारखा पडणे, जळका वास, अर्धं घर बंद, बोर्डात पाणी: यासाठी २४ तास. फोन किंवा मेसेजला १० मिनिटांत उत्तर.

नायगाव, दादर पूर्व, हिंदमाता, परळ, लालबाग, वडाळा, माटुंगा पूर्व, सायन पूर्व: येतो म्हटल्यापासून ४० मिनिटं. दादर पश्चिम, प्रभादेवी, माहीम, वरळी: ७० मिनिटं. संध्याकाळी ६ ते ९ यात २० मिनिटं जास्त. याच्या पलीकडे येत नाही.

व्हिजिट सकाळी ७ ते रात्री १० ₹३५०, नंतर ₹६००. त्यात पहिला अर्धा तास तपासणी. पुढे दर अर्ध्या तासाला ₹२५०, घड्याळ डीबी उघडल्यापासून. सामान बिलाप्रमाणे. दोष आणि खर्च आधी मेसेजवर, मग काम. काम नको असेल तर फक्त झालेल्या वेळेचे पैसे.

रात्री दोषी लाइन वेगळी करून बाकी घर चालू करतो. भिंतीतलं काम दिवसा. आरसीसीबी बायपास करत नाही. त्याच लाइनचा तोच दोष ३० दिवसांत परत आला तर व्हिजिट नाही.

फोन करण्यापूर्वी जिन्यातला दिवा बघा. तोही बंद असेल तर वीज कंपनीला कळवा.’

पहिली ओळ मुद्दाम तशी आहे. इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी दाबल्याशिवाय उघडत नाही. अंधारात उभा असलेला माणूस ते दाबत बसत नाही. भाग, वेळ, पैसे त्या एका ओळीत आले पाहिजेत, ‘आपल्या सेवेस तत्पर’ हे शेवटी गेलं तरी चालतं. मी ते काढूनच टाकलं.

३० दिवसांच्या वाक्याला घाबरू नका, पण ‘त्याच लाइनचा तोच दोष’ हे शब्द गाळू नका. पहिल्या महिन्यात मी नुसतं ‘३० दिवस गॅरंटी’ लिहिलं होतं. एका गृहस्थांनी हॉलचं काम करून घेतलं आणि तीन आठवड्यांनी बाथरूमचा गीझर त्याच गॅरंटीत मागितला. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. लिहिलं मीच तसं होतं. आता काम झाल्यावर डीबीच्या झाकणाचा फोटो काढतो, ज्या लाइनवर काम केलं तिच्यावर चिठ्ठी आणि तारीख, आणि तो फोटो त्यांच्याच नंबरवर पाठवतो. मेगरचं रीडिंगही त्यातच लिहितो, आधीचं आणि नंतरचं.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. मुसळधार पावसात हिंदमाता आणि किंग्ज सर्कलच्या गांधी मार्केटला पाणी भरलं की माझी ४० मिनिटं वाहून जातात, आणि नेमके त्याच दिवशी सगळ्यांचे स्विच पडतात. तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल तर तिथे मी उतरतच नाही, आधी कंपनीने सप्लाय बंद केल्याचं कळलं पाहिजे. त्या दिवसांसाठी दुसरं कॅप्शन करून ठेवलंय, सकाळी रस्ता बघून चढवतो: ‘आज हिंदमाता बंद. फक्त नायगाव आणि दादर पूर्व, पायी येतो, वेळ फोनवर सांगतो. दर तोच.’